हजेरीचा हिशेब

बेळगावहून निपाणीच्या दिशेने निघालं की पुणे-बंगळूर महामार्गावर काकती लागतं आणि थोडं पुढे होनग्याची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांसाठी एखादी कार्यशाळा ठेवायची, तर आता हँडबिलांऐवजी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात दिली जाते. नकाशावर काकतीला पिन टोचायची, भोवती काही किलोमीटरचं वर्तुळ घ्यायचं आणि फॉर्म जोडायचा. पण या वर्तुळात तिथे राहणारेच नव्हे, तर नुकतेच तिथे येऊन गेलेलेही धरले जातात. महामार्गावरच्या गावात याचा अर्थ असा की कोल्हापूरहून हुबळीला चाललेला माणूसही जाहिरात पाहतो. त्याने फॉर्म भरला की जाहिरातीच्या पडद्यावर एक नोंदणी वाढते, कार्यशाळेतली खुर्ची मात्र रिकामीच राहते.

फेसबुकच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये नाव आणि फोन नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरून येतात. दोनदा बोट टेकवलं की काम झालं. त्यामुळे नोंदणी स्वस्त पडते, पण काय स्वीकारलं हे भरणाऱ्याच्या लक्षात राहतंच असं नाही. समजा, दोन जाहिरातींवर प्रत्येकी ६००० रुपये खर्च केले. पहिलीला असा सोपा फॉर्म होता. तिच्यावर १५० नोंदण्या आल्या, म्हणजे नोंदणीमागे ४० रुपये. दुसरीच्या मजकुरात तारीख, वेळ, ठिकाण आणि कार्यशाळा मराठीत होणार की कन्नडमध्ये हे स्पष्ट लिहिलं होतं, आणि फॉर्ममध्ये कारखाना कुठल्या गावात आहे व तिथे काय बनतं, असे दोन प्रश्न होते. तिच्यावर ६० नोंदण्या आल्या, प्रत्येकी १०० रुपयांना. इथेच थांबलं तर दुसरी जाहिरात बंद करावीशी वाटेल. पण पहिलीतून १८ जण आले आणि दुसरीतून ३०, तर माणशी खर्च अनुक्रमे ३३३ आणि २०० रुपये होतो. जी महाग दिसत होती तीच स्वस्त ठरते. शिवाय आपण नोंदण्याच मोजत राहिलो, तर फेसबुकची यंत्रणाही पटकन फॉर्म भरणारी माणसं शोधत राहते. तिला येणारा माणूस कोणता हे कुणी सांगितलेलंच नसतं.

हे कळायला प्रत्येक हजेरी तिच्या जाहिरातीशी जोडता यायला हवी. फेसबुकवरून उतरवलेल्या यादीत नोंदणीसमोर जाहिरातीचं नाव असतं, पण फोन नंबर `p:+91` लागून येतो आणि दारातल्या वहीत दहा आकडीच लिहिलेला असतो. एक्सेलमध्ये दोन्ही याद्यांतले नंबर A रकान्यात घेऊन दोन्हींवर `=RIGHT(A2,10)` करून शेवटचे दहा आकडे काढले की दोन्ही याद्या जुळतात. कार्यशाळेऐवजी वेबिनार असेल, तर गोष्ट अवघड होते. झूमच्या अहवालात कुणाचं नाव फक्त फोनचं मॉडेल असतं, आणि नेट तुटून तीनदा आत आलेल्या माणसाच्या तीन ओळी दिसतात. म्हणून झूमचीच नोंदणी लावून प्रत्येकाला वेगळी लिंक द्यावी, मिनिटांची बेरीज करावी आणि किती वेळ बसलेल्याला हजर म्हणायचं हे आधीच ठरवावं. तासाभराच्या वेबिनारला मी निम्मा वेळ धरीन. दोन मिनिटं डोकावून गेलेल्याला मोजलं तर जुनीच चूक नव्या नावाने होते.

काही जण म्हणतात, लोक येणं हे जाहिरातीपेक्षा आठवण देण्यावर अवलंबून असतं. ते खरंच आहे. पण दोन्ही जाहिरातींतून नोंदणी केलेल्यांना सारखेच व्हॉट्सॲप संदेश आणि सारखेच फोन गेले असतील, तर उरलेल्या फरकाचं उत्तर जाहिरातीतच शोधावं लागतं. फोन करणाऱ्याचा पगार मात्र खर्चात धरायला हवा. १५० जणांना फोन करणं ६० जणांपेक्षा महागच पडतं, त्यामुळे वरच्या हिशेबात पहिली जाहिरात आणखी मागे जाते. न आलेल्यांचे नंबर तरी मिळालेच की, हा दुसरा मुद्दा. त्यांच्याकडून पुढे काही काम निघालं, तर ते वेगळ्या रकान्यात जरूर लिहावं. पण ते निघण्याआधीच त्याची किंमत धरून चालू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप आकडे लहान असण्याचा आहे. १८ आणि ३० मधला फरक बोलका आहे, कारण एकीकडे शंभरातले १२ आले आणि दुसरीकडे ५०. तेच सारख्या खर्चात एकीतून २२ आणि दुसरीतून २५ आले असते, तर एका कार्यशाळेवरून मी कुठलीच जाहिरात बंद केली नसती. त्या दिवशीचा पाऊस किंवा एखाद्या कारखान्यातली तातडीची ऑर्डरही तेवढा फरक पाडू शकते. दुसरी अडचण वेळेची. हजेरी कळते तेव्हा जाहिरातीचे पैसे खर्च होऊन गेलेले असतात. त्यासाठी मधलं एक चिन्ह पकडावं. नोंदणीनंतरच्या व्हॉट्सॲपला स्वतःहून 'येतो' असं उत्तर देणारे किती, हे जाहिरातवार दर दोन दिवसांनी पाहावं. पण असं उत्तर देणाऱ्यांपैकी खरोखर किती आले, हे प्रत्येक कार्यशाळेनंतर ताडून घ्यावं. दोन-तीनदा ते प्रमाण जवळपास सारखं निघालं, तरच मधल्या काळात त्याच्या जोरावर पैसे एका जाहिरातीकडून दुसरीकडे वळवावेत.