‘ठरलं मग’ म्हणजे नक्की कुणाचं ठरलं?

वाटणीचा वाद वकिलाच्या टेबलावर येतो तेव्हा हल्ली कागद नंतर निघतात, आधी मोबाइल निघतात. थोरला आपल्या मोबाइलवर एक मेसेज दाखवतो आणि म्हणतो, ‘हे बघा, हिने हो म्हटलंय.’ बहीण त्याच ग्रुपमधला दुसरा मेसेज दाखवते आणि म्हणते, ‘मी कधी हो म्हटलं?’ दोघंही खोटं बोलत नसतात. चॅट वाचताना आपण सूर वाचतो आणि कोण कशाला हो म्हणालं हे मनातच भरून काढतो, म्हणून असं होतं.

एक कुटुंब उदाहरणापुरतं रचू. वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे त्यांच्या स्वकमाईची सातारा जिल्ह्यातली तीन एकर बागायत, गावचं घर आणि ठाण्यातला एक फ्लॅट, त्यावर अजून फिटायचं असलेलं कर्ज. वारस पाच: आई, शेती बघणारा दादा, कोल्हापूरला दिलेली ताई, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा बंडू आणि परदेशात असलेली छोटी. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे या मिळकतीत पाचही जणांचा सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी एक पंचमांश. चॅट उघडण्याआधी हे लिहून ठेवावं, कारण प्रत्येकाची सुरुवात इथून आहे. ग्रुपवर जो गप्प राहिला त्याचा हिस्सा कमी होत नाही. तो कमी होतो त्याने स्वतः सोडला तरच.

आता ग्रुपवरचं बोलणं. रविवारी रात्री दादा लिहितो: ‘शेत मी करतोय, ते माझ्याकडेच राहू दे. फ्लॅट बंडूला. बहिणींना दहा-दहा लाख. चालेल ना सगळ्यांना?’ ताई हात जोडलेलं चित्र टाकते. बंडू: ‘माझी हरकत नाही. पण फ्लॅटचं राहिलेलं कर्ज सगळ्यांनी मिळून फेडायचं.’ छोटी: ‘मला काही नको रे. फक्त आईकडे नीट बघा.’ ताई: ‘हो, बरोबर आहे.’ दादा: ‘ठरलं मग. आईलाही मान्य आहे.’ दोन दिवसांनी ताईच्या नंबरवरून येतं, ‘दहा लाख कमी आहेत, आजचा भाव बघा,’ आणि थोड्या वेळाने, ‘ते ह्यांनी टाकलं होतं. माझं काही नाही.’ मग बंडू विचारतो, ‘दादा, पैसे कधी देणार यांना?’ दादा: ‘ऊस गेल्यावर बघू.’ ताई: ‘आणि घराचं?’ दादा: ‘ते आईच्या पश्चात.’ महिन्याभराने दादा लिहितो, ‘यंदा आठ-आठच जमतील,’ आणि त्यावर एक अंगठा येतो, छोटीचा.

वरवर वाचलं तर हे समजूतदार कुटुंब आहे, कुणी भांडलेलं नाही. खरं काय ठरलं ते पाहायला एक साधा तक्ता करावा. उभ्या ओळींत मुद्दे, आडव्या रकान्यांत माणसं, आणि चौकटीत फक्त त्या माणसाचे स्वतःचे शब्द, तारखेसकट. अर्थ लावायचा नाही. नोंद चारच प्रकारची: हो, अट घालून हो, नाही, किंवा काहीच नाही.

पहिली अडचण मुद्दे वेगळे करतानाच येते. दादाचा एक मेसेज म्हणजे एक प्रस्ताव वाटतो, पण त्यात शेत, फ्लॅट आणि बहिणींची रक्कम असे तीन मुद्दे आहेत. बंडूने चौथा आणला, कर्जाचा. ताईने पाचवा, घराचा. छोटीने सहावा, आईच्या सांभाळाचा. शिवाय ‘बहिणींना दहा-दहा लाख’ या वाक्यात देणारा कोण ते लिहिलेलंच नाही. दादाच्या मनात कदाचित ते दोघा भावांनी मिळून द्यायचे आहेत. बंडूच्या ‘दादा, पैसे कधी देणार’ वरून मात्र स्पष्ट दिसतं की तो एकट्या दादाने द्यायचे असं धरून चालला आहे. वीस लाखांचा हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण वाक्य ऐकायला पूर्ण वाटतं. माझ्या मते अशा चॅटमध्ये सगळ्यांत आधी हेच शोधावं: रक्कम आहे, पण देणारा, तारीख आणि कशाच्या बदल्यात हे आहे का?

आता एकेकाचा रकाना. बंडूचा ‘हरकत नाही’ शेतापुरता स्वच्छ होकार वाटेल, पण त्याला ‘पण’ लागलेला आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७ सांगतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. अट घातली की तो नवा प्रस्ताव होतो आणि त्याला इतरांनी हो म्हणावं लागतं. कर्जाच्या मुद्द्यावर दादा, ताई, छोटी, कुणाचाही शब्द नाही. दादाने पुढे ‘ठरलं मग’ लिहिलं त्यात कर्ज धरलं होतं की नाही हे चॅटमधून निघत नाही. म्हणजे बंडूच्या चौकटीत ‘अट घालून हो’ आणि अट अधांतरी.

ताईचा रकाना जवळजवळ रिकामा आहे, आणि हे पाहून दादाला धक्का बसेल. तिचे जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार, की ‘वाचलं’, हे तिलाच विचारायला हवं. ‘हो, बरोबर आहे’ हे छोटीच्या मेसेजनंतर आलं आहे, तेव्हा ते आईच्या सांभाळाबद्दल असण्याचा संभव जास्त. तिने छोटीच्या मेसेजला धरून उत्तर दिलं असेल तर मोबाइलवर ते दिसेल. पण वकिलाला देण्यासाठी चॅट एक्स्पोर्ट केलं की त्या फाइलमध्ये कोणतं उत्तर कोणत्या मेसेजला हे जातं, आणि मेसेजवर दिलेले अंगठे-बदामही जातात. ‘हो’ तेवढा उरतो, कशाला ते उरत नाही. म्हणून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलीबरोबर मूळ मोबाइल समोर ठेवूनच वाचावं. पाहुण्यांनी टाकलेल्या मेसेजचं काय? ते ताईचं म्हणणं नाही हे तिने सांगितलं. पण ‘माझं काही नाही’ म्हणजे दहा लाख मान्य, असंही तिने म्हटलेलं नाही. चौकट रिकामीच ठेवायची.

छोटीचं ‘मला काही नको’ हे या चॅटमधलं सगळ्यांत महागडं वाक्य. भावाच्या मायेत लिहिलेलं, पण ते हक्कसोड नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, त्यात ती कुणाच्या लाभात सोडते ते लिहावं लागतं. दादाच्या? दोघा भावांच्या? की आईच्या, जे तिच्या पुढच्याच वाक्यावरून जास्त शक्य वाटतं? शिवाय तिने दहा लाखही नाकारले की फक्त जमीन-जुमला? महिन्याने ‘आठ-आठच जमतील’ वर तिने अंगठा दिला, म्हणजे बहुधा ती पैशाचं धरून चालली आहे. दोन मेसेज एकमेकांशी जुळत नाहीत, आणि न जुळणारी जागा तक्त्यात लाल करायची असते, मिटवायची नसते.

अंगठ्याला कमी लेखू नये हेही खरं. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात २०२३ साली न्यायालयाने मोबाइलवर पाठवलेल्या कराराच्या फोटोला शेतकऱ्याने दिलेला अंगठा होकार मानला. पण तिथे समोर सहीसाठी ठेवलेला एकच कागद होता आणि त्या दोघांचे आधीचे व्यवहारही असेच त्रोटक उत्तरांवर झाले होते. इथे अंगठा ‘आठ लाख’ या एकाच गोष्टीला आहे. ताईच्या बाजूने तर आठला काहीच नाही. रक्कम बदलली की आधीचा होकार, असलाच तर, दहाला होता.

आणि आई. ती ग्रुपवरच नाही. पाचातला एक हिस्सा तिचा, घर तर ती राहते ते, आणि तिच्या चौकटीत भरायला दादाच्या तीन शब्दांपलीकडे काही नाही: ‘आईलाही मान्य आहे.’ हा दादाचा मेसेज आहे, आईचा नव्हे. बहुतेक कुटुंबांत आईबद्दल असंच एखाद्या मुलाच्या तोंडून कळतं, आणि ज्याच्याकडे ती राहते त्याच्याच तोंडून. तिला काय विचारलं, कुणासमोर विचारलं, ‘शेत दादाला’ म्हणताना तिचा स्वतःचा हिस्सा जातो हे तिला सांगितलं का, यातलं काहीच चॅटमध्ये नाही.

मिटवलेल्या आणि बदललेल्या मेसेजकडेही लक्ष असावं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत तो बदलता येतो, तशी खूण राहते, पण आधीचे शब्द मेसेजमध्ये उरत नाहीत. ‘फोनवर बोललो तसं’ असा मेसेज दिसला की तिथे नोंदीला भोक आहे असं समजावं. आवाजी निरोप तर एक्स्पोर्टच्या मजकुरात येतच नाहीत, आणि मोठी माणसं नेमकी महत्त्वाची गोष्ट त्यातच सांगतात. ते ऐकून, शब्द न बदलता लिहून काढायला हवेत.

या सगळ्याचं कायद्यात वजन किती, असा प्रश्न दादा विचारेलच. तोंडी कौटुंबिक तडजोडही बांधून ठेवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६च्या ‘काळे’ निकालात मान्य केलं आहे. आधी झालेली तडजोड नुसती नोंदवणारा कागद नोंदणी नसतानाही चालतो, पण कागदानेच वाटणी होत असेल तर नोंदणी हवी. म्हणून ‘तडजोड झालीच होती, हे बघा चॅट’ असं म्हणणारा भाऊ अगदीच हवेत बोलत नसतो. पण तडजोड सगळ्यांची लागते, आणि आपला तक्ता सांगतो की पाच जणांनी एकाही मुद्द्याला हो म्हटलेलं नाही. चॅट न्यायालयात द्यायचं तर २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मोबाइल बदलताना जुना विकू नये. आणि सात-बारावर पाचही वारसांची नावं लागली याचा अर्थ वाटणीला संमती मिळाली असा होत नाही, ती फक्त वारसनोंद आहे.

तक्ता झाल्यावर तो ग्रुपवर टाकू नये, त्याने माणसं दुखावतात. त्यातून निघालेले प्रश्न टाकावेत, आणि सगळ्यांत सोपं उत्तर मिळेल असे. आपल्या कुटुंबात दादाला असं लिहिता येईल: ‘१) शेत माझ्या नावे. २) फ्लॅट बंडूच्या नावे. ३) फ्लॅटचं कर्ज बंडू एकटा फेडेल, की सगळे? ४) ताईला आणि छोटीला प्रत्येकी आठ लाख, मी एकटा देणार, अर्धे मार्चअखेर, अर्धे पुढच्या मार्चला. ५) घर आईच्या हयातीत आईकडे. प्रत्येकाने आकडा लिहून हो किंवा नाही लिहा. न लिहिलेलं मी नाही असं धरेन.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण बहुतेक ग्रुपवर नेमकं उलटं लिहिलेलं असतं: ‘उद्यापर्यंत कुणी बोललं नाही तर मान्य समजतो.’ गप्प राहणं म्हणजे स्वीकार नव्हे, कितीही मुदत घातली तरी.

आईला हे पाच मुद्दे ताईने आणि बंडूने मिळून, दादा नसताना, वाचून दाखवावेत, आणि तिने काय म्हटलं ते तिच्याच शब्दांत ग्रुपवर टाकावं. मग दुय्यम निबंधकाकडे वाटणीपत्र नोंदवायचं की हक्कसोडपत्र, हे वकील ठरवेल. छोटीला त्यासाठी परदेशातून मुखत्यारपत्र पाठवावं लागेल. तिचं ‘मला काही नको’ त्या मुखत्यारपत्रात चालणार नाही, तिथे प्रत्येक मिळकतीपुढे काय सोडते आणि कुणासाठी, ते तिला लिहावंच लागेल.