नोटीस पे आणि जॉइनिंग बोनस : दहा वर्षांत काय बदललं

पेण-रोह्याच्या पट्ट्यात, धाटाव एमआयडीसी असो की डोलवीकडचे कारखाने, नोकरी बदलणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एक पेच हमखास येतो. नियुक्तिपत्रात नोटीस नव्वद दिवसांची आणि नव्या कंपनीला माणूस हवा तीस दिवसांत. उरलेल्या साठ दिवसांचे पैसे जुनी कंपनी मागते आणि ते नव्या कंपनीकडून जॉइनिंग बोनस म्हणून मिळवायचे असतात.

एक उदाहरण घेऊ. प्रॉडक्शन मॅनेजरचा एकूण पगार महिना १,१०,००० रुपये, त्यात बेसिक ५०,०००. वसुली बेसिकवर असेल तर साठ दिवसांचे एक लाख होतात, एकूण पगारावर असेल तर २,२०,०००. हे नियुक्तिपत्रातल्या एका शब्दावर ठरतं, म्हणून बोनसचा आकडा बोलण्याआधी ते पत्र काढून वाचावं. शिल्लक रजा नोटिशीत धरता येते का, तेही एचआरकडून मेलवर विचारून घ्यावं.

समजा, वसुली २,२०,००० ठरली. तेवढाच बोनस मागितला तर खिशातून पैसे जातात, कारण बोनस हा पगारच मानला जातो. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत १५ टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचा सेस धरून १५.६ टक्के कर कापला जातो. हाती २,२०,००० यायचे तर मागणी सुमारे २,६१,००० ची हवी. बहुतेकांची फसगत इथेच होते.

जुन्या कंपनीच्या वसुलीबाबत मात्र परिस्थिती थोडी सुधारली. कापलेला नोटीस पे करपात्र पगारातून वजा करायला अहमदाबादच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये मान्यता दिली. तरी फॉर्म १६ वर सहसा पूर्ण पगारच दिसतो, म्हणून वजावट रिटर्नमध्ये स्वतः मागावी लागते आणि विभाग ती मान्य करेलच असं नाही. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकाने स्पष्ट झालं. त्याआधी काही ठिकाणी वर १८ टक्केही मागितले जात.

बोनससोबत अट येते : वर्षाच्या आत सोडलं तर परत करा. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेची आणि दोन लाखांच्या भरपाईची अट वैध ठरवली. तो निकाल सरकारी बँकेच्या भरतीतल्या बाँडचा होता, बोनसचा नव्हे. तरीही सही केलेली अट कोर्टात आपोआप उडेल, या भरवशावर कुणी राहू नये. परतफेड हातात आलेल्या रकमेची आणि उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असावी, एवढं मागणं रास्त आहे.

आणि बोनस पहिल्या पगारासोबत मिळेल, असं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. कन्फर्मेशननंतर देऊ म्हणणाऱ्या कंपनीचा बोनस सहा महिन्यांनी येतो, जुन्या कंपनीची वसुली मात्र फुल अँड फायनलमध्येच होते. ऑफर लेटर हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नका.