सानपाड्यातले लाल डोळे

मसाला मार्केट सानपाड्याला लागूनच आहे. मिरचीचा हंगाम आला की खोकला आणि शिंका तिथल्या माणसांबरोबर आमच्या दवाखान्यातही येतात. त्यांच्यामागून येतो तो डोळ्यातला डाग. पांढऱ्या भागावर कुंकू सांडल्यासारखा लालभडक, कडा ठसठशीत. माणूस घाबरतो, घरची त्याच्याहून जास्त घाबरतात, आणि डोळा मात्र दुखत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणून इतक्या वर्षांत मी असे डाग इतके पाहिले की त्यांचा काळ मला डोळ्यांच्या रंगावरूनच आठवतो. पण दरवेळी त्या लालीचा अर्थ एकच नव्हता.

आधी साधा डाग समजून घेऊ. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कंजंक्टायव्हा नावाचा पातळ, पारदर्शक पडदा असतो आणि त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. जोरात खोकलं, शिंकलं, ओकलं, कुंथलं किंवा श्वास रोखून जड उचललं की छातीतला दाब वाढतो. डोक्याकडून परतणारं रक्त क्षणभर तुंबतं आणि एखादी वाहिनी फुटते. डोळा चोळल्यानेही तेच होतं. सांडलेलं रक्त पडद्याखाली पसरतं. बाहेर यायला वाट नसते, म्हणून डोळ्यातून रक्त वाहत नाही. त्वचेवरचा मार काळानिळा पडतो, हा डाग मात्र लालच राहतो, कारण इतक्या पातळ पडद्यातून हवेतला प्राणवायू त्या रक्ताला मिळत राहतो. पहिल्या दिवशी तो थोडा पसरतो, खालच्या बाजूला उतरतोही. पुढे पिवळसर होत एक ते तीन आठवड्यांत निघून जातो. बुबुळाच्या कडेपाशी तो अडतो, कारण तिथे पडदा घट्ट चिकटलेला असतो. त्यामुळे नजर जशीच्या तशी राहते.

एका पावसाळ्यात मात्र लाल डोळा दिसला की आधी दुसरीच शंका यायची. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. या तापात दोन्ही डोळे सारखेच लाल होतात, पण पू किंवा चिकटपणा नसतो. काहींना पडद्याखाली रक्तही साकळतं. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. रोग बळावला तर कावीळ होते आणि लघवी कमी होते. तेव्हापासून पावसाळ्यात लाल डोळा दिसला की माझा पहिला प्रश्न तापाचा असतो, दुसरा साचलेल्या पाण्यात चालण्याचा. ताप असेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा अंगावर लाल ठिपके असतील, तर डेंगीसाठी प्लेटलेट्सही बघायच्या. अशा वेळी डोळा ही फक्त खूण असते, आजार दुसरीकडे असतो.

२०२३ मध्ये गोंधळ वेगळाच झाला. जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. हे आमच्याकडे नवं नव्हतं. १९६९ मध्ये घानात अशी साथ आली तेव्हा लोकांनी तिला चांद्रमोहिमेवरून अपोलोचं नाव दिलं, आणि १९७१ मध्ये ती भारतात पोचली. बंगालात तिला ‘जय बांगला’ म्हणत. त्या साथीची ओळखच पडद्याखाली साकळणारं रक्त ही होती. २०२३ च्या त्या पावसाळ्यात खोकल्याने आलेला निरुपद्रवी डाग घेऊन माणसं काळा गॉगल घालून यायची, आणि घरच्यांनी त्यांचा टॉवेल वेगळा केलेला असायचा. डोळे आले की लाली सगळीकडे पसरते, त्यात शिरा दिसतात, डोळा खुपतो, सकाळी पापण्या चिकटतात. नुसत्या डागात यातलं काहीच नसतं आणि तो कुणाला लागतही नाही. खरं नुकसान व्हायचं ते मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी. डाग जायला त्यांचा उपयोग शून्य, आणि महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू, मोतीबिंदूची भीती.

मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो मसाला मार्केटातला एक माथाडी कामगार. वय पन्नाशीच्या पुढे. मिरचीची पोती उतरवताना शिंकांचा सपाटा लागला, आणि घरी गेल्यावर बायको म्हणाली, ‘‘अहो, डोळ्यात रक्त उतरलंय तुमच्या.’’ दुखणं नव्हतं, उजेडाचा त्रास नव्हता, दुसरा डोळा झाकून बारीक अक्षरं नीट वाचता येत होती. रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती. तेवढ्यावर त्याला घरी पाठवता आलं असतं. पण असा डाग वर्षात दुसऱ्यांदा आला होता, म्हणून दाब मोजला. १७८/१०४. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजला, मग दुसऱ्या हाताला. आकडा फारसा उतरला नाही. त्याने भीत विचारलं, ‘‘डॉक्टर, डोक्यात पण असंच फुटेल का?’’ डोळ्यातला डाग म्हणजे मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना नव्हे, हे त्याला सांगावं लागलं. पण मेंदूचा धोका वाढवणारा रक्तदाब मात्र त्याला होता, आणि डाग नसता तर तो दवाखान्यात आलाच नसता. दुसऱ्या दिवशीही दाब तसाच निघाला. साखर, क्रिएटिनिन आणि ईसीजी करून गोळी सुरू केली. डोळ्याला काही दिलं नाही. दोन आठवड्यांत डाग गेला, गोळी राहिली.

तरुणांत अशा डागाचं कारण बहुतेकदा चोळणं, मार किंवा कॉन्टॅक्ट लेन्स असतं, साठीच्या आसपास रक्तदाब. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांत डाग मोठा पडतो. त्यांनी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्यात हृदयाचा धोका डोळ्यातल्या डागाहून कितीतरी मोठा असतो. वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर तपासावा. लहान बाळाच्या डोळ्यात डाग दिसला तर आधी खोकला विचारावा. डांग्या खोकल्याच्या उबळींनी दोन्ही डोळे लाल होतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तो खोकला श्वासच थांबवू शकतो. खोकला, उलटी, मार असं काहीच कारण नसेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं.

एवढं सगळं सांगून मी ज्या एका डागाला घाबरतो तो तुर्भे एमआयडीसीतून येतो. ग्राइंडर चालवताना किंवा हातोडा-छिन्नी मारताना डोळ्याला काहीतरी लागलेलं असतं, दुखणं कधी फार नसतं, आणि डाग इतका मोठा आणि फुगीर असतो की त्याची मागची कड दिसत नाही. त्या रक्ताखाली डोळा फुटलेला असू शकतो, आत लोखंडाचा कण असू शकतो. बाहुली वेडीवाकडी दिसली किंवा नजर अंधुक झाली तर शंका पक्की. तेव्हा डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, थेंब घालायचे नाहीत. कागदी कप वरून टेकवून चिकटपट्टी लावायची, म्हणजे डोळ्यावर भार येत नाही. ऑपरेशन लागेल म्हणून खायला-प्यायला न देता थेट नेत्र रुग्णालयात न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही. तिथे सीटी स्कॅन होतो. धातूची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत, कारण चुंबकाने आतला कण सरकतो.