क्रीमच्या डबीवर ‘डर्मेटॉलॉजिस्ट टेस्टेड’ लिहिलंय? आधी डबी उलटून पाहा

गोरेगाव : दुकानात चेहऱ्याची क्रीम घेताना डबीवरचे इंग्रजी शब्द पाहून अनेकांना भरोसा वाटतो. ‘डर्मेटॉलॉजिस्ट टेस्टेड’, ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’. पण या तीन शब्दांचा अर्थ वाटतो तेवढा मोठा नाही.

‘डर्मेटॉलॉजिस्ट टेस्टेड’ म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीत चाचणी झाली, एवढंच. ती किती जणांवर झाली, किती दिवस चालली, कुणाला खाज आली का, हे डबीवर नसतं. चाचणी झाली म्हणजे डॉक्टरांनी क्रीम वापरायला सांगितली, असंही नाही.

‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, असा कंपनीचा दावा. अमेरिकेत १९७५ साली सरकारने हा शब्द वापरण्यासाठी चाचणीचा नियम केला होता. तो पुढे कोर्टात टिकला नाही. त्यामुळे असं लिहिलेल्या क्रीममध्येही सुगंधी द्रव्य असू शकतं आणि सुगंधी द्रव्यांमुळे बऱ्याच जणांना पुरळ येते.

‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे त्वचेची छिद्रं बुजणार नाहीत, असा दावा. पूर्वी ही तपासणी सशाच्या कानावर व्हायची, नंतर माणसाच्या पाठीवर होऊ लागली. पाठ आणि चेहरा सारखे नसतात. म्हणून तेलकट चेहऱ्यावर पुटकुळ्या येणारच नाहीत, याची हमी नाही.

मोठा धोका तर या शब्दांच्या पलीकडचा आहे. अकोल्यातील एका तरुणीला आणि तिच्या आई-बहिणीला गोरं होण्याची क्रीम लावल्यानंतर मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा मर्यादेपेक्षा खूप जास्त निघाला. चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त पारा चालत नाही. वरच्या तिन्ही शब्दांवरून पारा आहे की नाही, हे कळत नाही.

मग पाहायचं काय? डबी उलटा. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापराची शेवटची तारीख आणि घटकांची यादी असायलाच हवी. यातलं काही नसेल, तर दुकानदार कितीही म्हणो, घेऊ नका. आधी अ‍ॅलर्जी झाली असेल तर यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ शोधा.

घरी आणल्यावर लगेच तोंडाला फासू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. खाज, लाली, सूज आली तर धुऊन टाका आणि ती क्रीम बंद करा. त्रास थांबला नाही तर डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. मात्र या घरगुती चाचणीत पारा कळत नाही. आठवड्याभरात गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीमपासून दूरच राहिलेलं बरं.

बिल जपून ठेवा. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो.