विभागप्रमुखांच्या पत्रातला हिशेब

अमेरिकेत रुग्ण तपासत असतानाच संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी ‘के-२३’ नावाचं अनुदान आहे. ते देते नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, म्हणजे एनआयएच ही सरकारी संस्था. अर्जासोबत विभागाच्या वतीने एक पत्र जोडावं लागतं. ते बहुधा विभागप्रमुखांच्या सहीचं असतं आणि साधारण एका पानात मावतं. उमेदवाराची गुणवत्ता सांगणं हे या पत्राचं काम नाही, त्यासाठी वेगळी शिफारसपत्रं असतात. विभाग या माणसासाठी नेमकं काय करणार, एवढंच इथे लिहायचं असतं.

पहिला प्रश्न वेळेचा. के-२३ मिळालेल्या डॉक्टरला आपल्या कामाच्या वेळेपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे वर्षातले ९ महिने, संशोधन आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाला द्यावे लागतात. शस्त्रक्रियेसारख्या काही शाखांना यात सवलत मिळू शकते. परंतु रुग्णालयात रुग्णांची रांग कधीच संपत नाही आणि एखादा सहकारी रजेवर गेला की त्याची ड्यूटी सगळ्यात कनिष्ठाच्या गळ्यात पडते. म्हणून ‘आम्ही डॉक्टरांना पुरेसा वेळ देऊ’ या वाक्याला परीक्षकाच्या लेखी काहीच वजन नसतं.

किडनीविकाराच्या विभागातल्या एका साहाय्यक प्राध्यापिकेचं उदाहरण घेऊ. समजा, पत्रात लिहिलंय की त्या आठवड्यात एकदा अर्धा दिवस ओपीडी पाहतील आणि वर्षातून ४ आठवडे वॉर्ड सांभाळतील. पाच दिवसांच्या आठवड्यात अर्धा दिवस म्हणजे १० टक्के आणि ५२ आठवड्यांतले ४ म्हणजे सुमारे ८ टक्के. एकूण १८ टक्के झाले. शिकवणं आणि बैठकांसाठी ७ टक्के उरतात. हिशेब बसला. आता ओपीडी दोन वेळा आणि वॉर्ड ८ आठवडे असं लिहिलं, तर बेरीज ३५ टक्क्यांवर जाते. त्याच पत्रात वर ‘७५ टक्के वेळ राखीव’ असं वाक्य असेल, तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. अनुभवी परीक्षक ही बेरीज करून पाहतो. पत्र चांगलं असेल तर त्यात आणखी एक वाक्य सापडतं: या डॉक्टरांचे उरलेले रुग्ण कोण पाहणार.

दुसरा प्रश्न पैशांचा. या अनुदानातून पगारासाठी मिळणाऱ्या रकमेला मर्यादा असते आणि डॉक्टरांचा पगार बहुतेक वेळा त्याहून बराच जास्त असतो. समजा, पगार वर्षाला २ लाख डॉलर आहे. त्याचे ७५ टक्के म्हणजे दीड लाख. अनुदानाची मर्यादा १ लाख असेल, तर ५० हजार डॉलरची तूट राहते. ती विभाग भरून काढणार असेल, तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. नाहीतर ती भरण्यासाठी डॉक्टरला पुन्हा ओपीडीत बसवलं जाईल, ही शंका परीक्षकाच्या मनात राहते. साधनांचंही तसंच. ‘सर्व सुविधा उपलब्ध होतील’ यापेक्षा ‘स्वतंत्र खोली, निम्म्या वेळेचा संशोधन समन्वयक आणि नमुने साठवायला उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जागा’ हे वाक्य तपासता येतं. प्रकल्पाच्या आराखड्यात लागणारी प्रत्येक वस्तू कुठून येणार, याचं उत्तर कुठेतरी सापडलं पाहिजे.

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र उमेदवाराच्या नेमणुकीबद्दल असतं. नेमणूक, राखीव वेळ आणि साधनं अनुदान मिळण्यावर अवलंबून नाहीत, असं आश्वासन एनआयएचला संस्थेकडून हवं असतं. कारण उघड आहे. ‘अनुदान मिळाल्यास नोकरी देऊ’ असं म्हणणारा विभाग स्वतःचं काहीच पणाला लावत नाही, सगळा भार सरकारी पैशांवर टाकतो. संस्थेची ही बांधिलकी आणि तिथलं वातावरण हा अर्ज तपासण्याचा स्वतंत्र निकष आहे. त्यामुळे प्रकल्प उत्तम असूनही पत्र मोघम असेल तर त्याचा फटका बसतो.

प्रत्यक्षात या पत्राचा कच्चा खर्डा बऱ्याचदा उमेदवारच तयार करतो आणि विभागप्रमुख त्यात बदल करून सही करतात. यात गैर काही नाही, कारण कोणत्या गोष्टी लागतील हे उमेदवारालाच नीट माहीत असतं. पण खर्डा शेवटच्या आठवड्यात पाठवला, तर प्रमुख फक्त भाषा सुधारतात, आकड्यांवर बोलणं होतच नाही. ओपीडी किती, तूट कोण भरणार, अनुदान नाही मिळालं तर पुढच्या वर्षी काय, हे प्रश्न अर्ज लिहायला घेण्याआधीच समोरासमोर बसून विचारायला हवेत. प्रमुख यातल्या कशावर आकडा लिहून द्यायला तयार नसतील, तर या विभागात राहून हे संशोधन पार पडेल का, याचा अंदाज उमेदवाराला अर्जावर काही महिने घालवण्याआधीच येतो.