ऋण सांगावे ते घटनेनिशी

सेवानिवृत्त होणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याने कसे पत्र लिहावे?

आमच्या मावळ भागात एप्रिल महिना आला की शाळाशाळांतून निरोप समारंभ सुरू होतात. याचे कारण वाचकांना ठाऊक असेलच. पूर्वी शाळेत नाव घालताना अनेक मुलांची जन्मतारीख 1 जून अशीच लिहिली जाई. शिक्षकांचे निवृत्तीचे वय 58 वर्षे. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून कितीतरी गुरुजी आणि बाई 31 मे रोजी सेवामुक्त होतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, मुले घरी असतात. तेव्हा निरोप द्यायचा तर परीक्षा संपता संपता, एप्रिलमध्येच द्यावा लागतो.

तळेगाव दाभाड्याजवळच्या वराळे गावात अशाच एका समारंभाच्या चार दिवस आधी सातवीतील एक मुलगी आमच्याकडे वही घेऊन आली. विद्यार्थ्यांच्या वतीने आभाराचे पत्र वाचण्यासाठी तिची निवड झाली होती. कचेरीत कारकुनी करीत असल्यामुळे वस्तीतील लोक आमच्याकडून अर्ज लिहून नेतात. हेही तसेच तपासून द्यावे, असा तिच्या आईचा निरोप होता.

पत्र सुवाच्य होते. त्यात बाई दिव्यासारख्या जळत होत्या, मातीच्या गोळ्याला आकार देत होत्या आणि ज्ञानाचा सागरही त्याच होत्या. आम्ही तिला विचारले, "यातले बाईंचे नाव खोडून शेजारच्या वर्गातील गुरुजींचे घातले, तर काय बदलावे लागेल?" ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काहीच नाही." मग हे पत्र बाईंना नव्हतेच. ते कुणालाही होते.

अशा वेळी आम्हाला बाबासाहेबांचे उदाहरण आठवते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी त्यांनी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली होती. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ग्रंथ निघाला तेव्हा ती छापली गेली नव्हती. आपण बौद्ध धम्माकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी तीत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे ऋण मानले आहे. केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकार, बाबासाहेबांच्या वडिलांचे स्नेही. पण ते थोर होते, ज्ञानी होते, असे सांगून बाबासाहेब थांबत नाहीत. इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर समाजबांधवांनी आपला सत्कार ठरवला, मुलगा शेफारेल म्हणून वडिलांनी नकार दिला, मग केळुसकरांनी वडिलांचे मन वळवले, ते स्वतः अध्यक्ष झाले आणि भाषणानंतर त्यांनी आपले बुद्धचरित्र आपल्याला भेट दिले, असे ते क्रमाने सांगतात. पुस्तक वाचून आपल्यावर काय परिणाम झाला आणि आपण वडिलांना कोणते प्रश्न विचारले, हेही लिहितात. एक सभा, एक पुस्तक आणि त्यातून उठलेले प्रश्न. वाचणाऱ्याला केळुसकरांचा मोठेपणा आपोआप कळतो.

केळुसकर 1934 सालीच वारले होते. ती प्रस्तावना त्यांना वाचता आली नाही. आपल्या मुलांच्या बाई मात्र समोर खुर्चीवर बसलेल्या असतात. तेव्हा सांगायचे ते नीट सांगावे.

पण घटना आठवायची कशी? मुले म्हणतात, "बाईंनी खूप शिकवले," आणि पुढे सुचत नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गुरूची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नीट वळण लावावे, शिकवलेले नीट समजले आहे ना ते पाहावे, विद्या हातची राखून ठेवू नये, शिष्याबद्दल चार लोकांत चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. हीच पाच कर्तव्ये आम्ही प्रश्न करून त्या मुलीपुढे ठेवली. पहिल्या चारांना तिने मोघम उत्तरे दिली. "बाईंनी तुझे रक्षण कधी केले?" असे विचारल्यावर मात्र ती बोलू लागली. ती पाचवीत असताना आई भाताच्या लावणीला जाई आणि धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राही. आठ दिवसांनी बाई घरी आल्या. रागावल्या नाहीत. "भावाला घेऊन ये," एवढेच म्हणाल्या. ते पोर लावणी संपेपर्यंत वर्गात तिच्याशेजारी बसले.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. घरात अडचण होती त्या वर्षी बाईंनी तिच्यासाठी काही खर्च स्वतः केला होता. ती गोष्ट पत्रात घालावी का? आम्ही नको म्हटले. गावासमोर ती वाचली तर आईची मान खाली जाईल आणि बाईही संकोचतील. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेलचा दाखला देऊन बजावले होते की, स्वाभिमान गमावून कुणीही कृतज्ञ राहू नये. ते राजकारणापुरते नाही. म्हणून त्या मुलीने दोन पत्रे लिहिली. एक सभेत वाचायचे, दुसरे पाकिटात घालून बाईंच्या हातात द्यायचे. दुसरे आम्ही वाचले नाही.

सभेतले पत्र असे झाले:

"आदरणीय बाई, जय भीम.

मी पाचवीत असताना लावणीच्या दिवसांत शाळेत येत नव्हते. तुम्ही आमच्या घरी आलात आणि भावाला घेऊन ये म्हणालात. तो माझ्याजवळ बसायचा. एकदा तो रडला तेव्हा तुम्ही त्याला खडू दिलात आणि आम्हाला अपूर्णांक शिकवत राहिलात. त्या दिवशी मला छेद आणि अंश समजले. तुम्ही आला नसता तर माझी शाळा तेव्हाच सुटली असती. आता मी सातवी पूर्ण करून आठवीला तळेगावला जाणार आहे. माझा भाऊ पहिलीत आहे. त्याचा अभ्यास मी घेते. तुम्ही माझ्यासाठी घरी आलात, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

तुमची विद्यार्थिनी"

मायना 'जय भीम' ठेवला, कारण ती रोज बाईंना तेच म्हणे आणि बाई तसेच उत्तर देत. जी मुले रोज नमस्ते म्हणतात त्यांनी नमस्ते लिहावे. पत्रासाठी वेगळी भाषा आणू नये. "तुम्हाला जन्मभर विसरणार नाही" हे वाक्य तिने स्वतःच खोडले. त्याऐवजी भावाचा अभ्यास घेते हे लिहिले, कारण ते खरे होते. पत्र फुलस्केपच्या एका बाजूला मावले आणि मोठ्याने वाचायला दीड मिनिटही लागले नाही. तीन वेळा घरी वाचून पाहिल्यावर ती कुठे अडखळते तेही कळले. 'आभारी' शब्दापाशी तिचा आवाज बसे. तिथे थांबून श्वास घे, एवढेच आम्ही सांगितले.

समारंभाला आम्ही मागे उभे होतो. पत्र वाचून झाल्यावर बाईंनी ते मागून घेतले आणि पहिल्या रांगेकडे पाहून विचारले, "तो खडूवाला कुठे आहे?"