सहा ओळींचा तक्ता आणि एक सरळ रेघ

भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक स्क्रीनशॉट हमखास फिरतो. गायगर काउंटर संगणकाला जोडलेला असतो, मोजणी संपते, आणि पडद्यावरच्या तक्त्याचं चित्र सगळ्यांना पाठवलं जातं. वेळ आणि काउंट असे दोनच रकाने. खाली प्रश्न एकच: ‘अर्धायुष्य किती येतंय?’

तक्ता बेरियम-१३७एमचा असण्याची शक्यता बरीच, कारण शिकवण्याच्या प्रयोगशाळेला सोयीचा असा दुसरा पदार्थ सहज सापडत नाही. एका लहानशा डबीत सीझियम-१३७ पक्कं धरून ठेवलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं, म्हणजे डबी वर्षानुवर्षं चालते. सीझियम क्षय पावताना बेरियम-१३७एम तयार होत राहतं. डबीतून किंचित आम्ल घातलेलं मिठाचं पाणी ढकललं की बेरियम तेवढं विरघळून खाली थेंबांत उतरतं आणि सीझियम आतच राहतं. या डबीला प्रयोगशाळेत गाय म्हणतात आणि थेंब काढण्याला धार काढणं. पुन्हा दूध साठायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रुग्णालयांत स्कॅनसाठी लागणारं टेक्निशियम-९९एम मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून काढतात, तेही याच तत्त्वावर. फरक एवढाच की टेक्निशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, आणि बेरियमचं अडीच मिनिटांच्या आसपास. पुस्तकातला आकडा २.५५ मिनिटं. त्यामुळे सगळा प्रयोग एका तासिकेत उरकतो.

ते थेंब एका चपट्या वाटीत घेऊन काउंटरच्या नळीखाली सरकवायचे आणि मोजणी सुरू करायची. नमुन्यादाखल घेतलेला हा तक्ता पाहा. दर दोन मिनिटांनी तीस सेकंदांची मोजणी केली आहे. वाटी ठेवण्याआधी दहा मिनिटं रिकामी मोजणी घेतली, ती २४० आली; म्हणजे तीस सेकंदांना बॅकग्राउंड १२. भिंती, हवा आणि आकाशातून येणारे किरण यांचा हा वाटा प्रत्येक ओळीत मिसळलेला असतो, म्हणून आधी तो वजा करायचा आणि मग उरलेल्या आकड्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा.

| वेळ (मिनिटे) | काउंट | बॅकग्राउंड वजा | लॉग |
|---|---|---|---|
| ० | १६३४ | १६२२ | ७.३९१ |
| २ | ९५८ | ९४६ | ६.८५२ |
| ४ | ५६६ | ५५४ | ६.३१७ |
| ६ | ३१२ | ३०० | ५.७०४ |
| ८ | १८७ | १७५ | ५.१६५ |
| १० | ११२ | १०० | ४.६०५ |

लॉग कशासाठी, हे तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांची तुलना केली की दिसतं. तिसऱ्या रकान्यात पहिल्या दोन मिनिटांत ६७६ची घट आहे आणि शेवटच्या दोन मिनिटांत फक्त ७५ची. चौथ्या रकान्यात मात्र प्रत्येक पायरी जवळपास सारखी: ०.५४, ०.५४, ०.६१, ०.५४, ०.५६. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक वेळात ठरावीक हिस्सा गमावतो, ठरावीक संख्या नव्हे. लॉग घेतला की गुणाकाराची घट वजाबाकीची होते आणि वक्राची सरळ रेघ बनते. थोरियममधून निघणारा वायू साधारण मिनिटाला निम्मा होतो, हे रदरफर्डने १९०० साली माँट्रियलला दाखवलं. तेव्हा त्याच्यासमोरही समान वेळाला समान हिस्सा असाच आकड्यांचा क्रम होता.

सहाही बिंदूंना मिळून बसणाऱ्या रेघेचा उतार काढायला कॉम्प्युटरवर दोन सूत्रं पुरतात. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात काउंट, तिसऱ्यात लॉग असेल तर, पहिलं सूत्र C7पर्यंत खाली ओढून:

```
C2:  =LN(B2-12)
E2:  =-LN(2)/SLOPE(C2:C7,A2:A7)
```

उतार येतो दर मिनिटाला वजा ०.२८०. २चा लॉग ०.६९३, त्याला ०.२८०ने भागलं की अर्धायुष्य २.४७ मिनिटं.

अकरावी-बारावीत लॉग टेबल वापरलेल्यांचा इथे एक गोंधळ होतो. ते टेबल दहाच्या पायावरचं. त्यातून लॉग घेतले तर उतार ०.१२२ येतो, आणि त्याने ०.६९३ला भागलं तर उत्तर ५.७ मिनिटं निघतं. दहाच्या पायावर भागाकारात ०.३०१ घ्यावा लागतो. ही चूक पकडायला पुस्तक उघडायची गरज नाही. १६२२चे निम्मे ८११. तक्त्यात दुसऱ्या मिनिटाला ९४६ आहेत आणि चौथ्याला ५५४. अर्धायुष्य दोन आणि चार मिनिटांच्या मधेच असलं पाहिजे, ५.७ शक्यच नाही. आकडेमोड करण्याआधी असा नजरेचा अंदाज लिहून ठेवणारा विद्यार्थी सहसा फसत नाही.

खरा सापळा वेगळा आहे. पुस्तकात २.५५ आहे आणि आपलं आलं २.४७. याच तक्त्यात बॅकग्राउंड वजा न करता सरळ लॉग घेतले, तर अर्धायुष्य २.५७ येतं. म्हणजे चुकीची रीत पुस्तकाच्या जास्त जवळ गेली! वहीत कोणतं उत्तर लिहायचं, याचा मोह इथे पडतो.

मोहातून सुटायला दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली गोष्ट, २.४७ हा आकडा किती पक्का आहे? किरणोत्सर्ग दैवाधीन असतो. काउंट जितके, त्यांच्या वर्गमुळाइतका चढउतार स्वाभाविक. १६३४ काउंटना ही डगमग ४० आहे, म्हणजे अडीच टक्के. ११२ काउंटना ती जवळपास ११, आणि बॅकग्राउंड काढून उरलेल्या १००शी तुलना केली तर अकरा टक्के. साध्या सूत्राने मात्र दोन्ही बिंदूंना सारखंच वजन दिलं, आणि टोकाचा बिंदू रेघ सर्वांत जास्त ओढतो. एकूण हिशेब केला तर २.४७मध्ये ०.०८ची ये-जा धरावी लागते. पुस्तकातला २.५५ त्या हद्दीत बसतो, तेव्हा भांडणच उरत नाही. भक्कम बिंदूंना त्यांच्या काउंटच्या प्रमाणात जास्त वजन देऊन रेघ काढली तर अर्धायुष्य २.५० येतं आणि अनिश्चितता ०.०६पर्यंत उतरते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोजणी दहा मिनिटांवर न थांबवता पुढे नेली आणि विसाव्या मिनिटाला २० काउंट आले, असं धरू. बॅकग्राउंड न काढलेली रेघ तिथे सुमारे ७ काउंटचं भाकीत करते. प्रत्यक्षात आले जवळपास तिप्पट. वजाबाकी केलेली रेघ म्हणते ६, आणि २०मधून १२ गेल्यावर उरतात ८. डगमग धरता हे जुळतं. बॅकग्राउंड न काढलेल्या आलेखाचं शेपूट उजवीकडे आडवं होत जातं आणि बाराच्या खाली उतरायला तयारच होत नाही. दहा मिनिटांच्या तक्त्यात हे वळण डगमगीत लपलं होतं, म्हणून चुकीची रीत नशिबाने बरं उत्तर देऊन गेली.

लॉगच्या आलेखाचं खरं काम म्हणूनच अर्धायुष्य सांगणं एवढंच नाही. काउंटमध्ये आपल्याला हवा तोच पदार्थ आहे की आणखी काही मिसळलंय, हे तो दाखवतो. एकच पदार्थ असेल तर रेघ सरळ. रेघ जिथे वाकते तिथे दुसरं काहीतरी शिरलेलं असतं, आणि कुठे वाकली यावरून ते काय हेही बरंचसं कळतं. शेपूट आडवं झालं तर बॅकग्राउंड राहिलंय किंवा डबी जुनी होऊन तिच्यातून थोडं सीझियम वाटीत उतरलंय. दुसऱ्या शक्यतेवर उपाय म्हणजे अर्धा-पाऊण तास थांबून, वाटी नळीखालीच ठेवून पुन्हा मोजायचं. बेरियम तोवर संपलेलं असतं. उरलेला आकडा हीच वजा करायची खरी संख्या. रेघ डावीकडे, सुरुवातीलाच खाली दबलेली असेल तर दोष नळीचा. प्रत्येक काउंटनंतर गायगर नळी साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग बहिरी असते. सेकंदाला हजार काउंट येत असतील तर दहा टक्के काउंट बुडतात, आणि अर्धायुष्य फुगून दिसतं. आपल्या तक्त्यात सुरुवातीला सेकंदाला ५४च काउंट आहेत, तोटा अर्धा टक्का. तो सोडून दिला तरी चालतो.

शेपटाच्या टोकाला आणखी एक अडचण दबा धरून असते. बॅकग्राउंड १२ आणि काउंट आले ११, तर उरतो वजा एक, आणि वजा संख्येचा लॉग नसतो. कॉम्प्युटर तिथे चूक दाखवतो, मग ती ओळ गाळली जाते. पण शेजारची १५ काउंटची ओळ मात्र ठेवली जाते. म्हणजे नशिबाने खाली गेलेले आकडे बाहेर आणि वर गेलेले आत. रेघेचं शेपूट अलगद उचललं जातं. म्हणून ओळी कुठवर घ्यायच्या हे आकडे बघण्याआधी ठरवायचं. उरलेले काउंट बॅकग्राउंडच्या दोन-तीन पटींवर असतील तेवढ्याच मिनिटांपर्यंत, हा नियम या प्रयोगाला पुरेसा आहे.

आता स्क्रीनशॉटकडे. चित्रात आकडे असतात, पण त्यांचा अर्थ लावायला लागणारं बरंच काही कातरलेल्या कडेबाहेर राहून जातं. प्रत्येक ओळ किती सेकंदांची, बॅकग्राउंड किती आणि ते किती वेळ मोजलं, रकान्यात प्रत्यक्ष काउंट आहेत की सेकंदाला सरासरी, हे विचारून घ्यावंच लागतं. सरासरी दिली असेल तरी उतार तोच निघतो, कारण सगळ्या ओळींना एकाच संख्येने भागल्याने लॉगची रेघ फक्त खाली-वर सरकते. मात्र डगमगीचा हिशेब मूळ काउंटशिवाय करता येत नाही. वेळ मोजणीच्या सुरुवातीची की मधली, याचाही उतारावर परिणाम होत नाही. तीस सेकंदांच्या सगळ्याच ओळी सारख्याच सरकतात. आकडे आधीच्या मोजणीत मिळवत गेले असतील, तर मात्र काउंट वाढत जाताना दिसतात, आणि लगतच्या ओळींची वजाबाकी करून मगच लॉग घ्यावा लागतो.

धूसर चित्रातून अंक उतरवताना चूक होतेच. ९५८च्या जागी ९५३ वाचलं तर लॉगमध्ये ०.००५चा फरक पडतो, डगमगीच्या मानाने नगण्य. ३१२चं ८१२ झालं तर तो बिंदू रेघेपासून जवळपास एकाने वर उडतो आणि डोळ्यात भरतो. म्हणून रेघेचं सूत्र चालवण्याआधी बिंदू मांडून एकदा बघायचे, आणि वहीत उत्तर असं लिहायचं: अर्धायुष्य २.५० ± ०.०६ मिनिटे, मोजणी ३० सेकंदांची, बॅकग्राउंड १२ वजा करून, पहिल्या दहा मिनिटांतल्या सहा ओळींवरून. एवढं लिहिलं की पुढच्या माणसाला तुमचा स्क्रीनशॉट मागायची वेळ येत नाही.